सोलापुरात मेसच्या खाड्यांचे अ‍ॅप : पहिल्या शंभर जणांसाठी आठवडा कसा आखावा?

खाडेवही (धागाकर्ता)

नमस्कार. मी आणि माझा एक मित्र अशा दोघांनी मिळून मेसच्या खाड्यांची नोंद ठेवणारे एक छोटे अ‍ॅप तयार केले आहे. ज्या विद्यार्थ्याला रात्री जेवायचे नाही त्याने ठरलेल्या वेळेआधी फोनवर खाडा टाकायचा, मेसवाल्या काकूंना आज किती पाने वाढायची ते एका आकड्यात दिसते, आणि महिनाअखेरीस कोणाचे किती खाडे झाले यावरून वाद होत नाही, एवढेच त्याचे काम आहे.

पुढच्या महिन्याची १ तारीख सोमवारी येते, म्हणून तो आठवडा आम्ही शुभारंभासाठी धरला आहे. सातरस्ता, अशोक चौक, विजापूर रोड आणि जुळे सोलापूर या भागांतल्या तीस मेसच्या काउंटरवर क्यूआर लावायचा, ओळखीच्या चाळीस व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांत एकाच दिवशी संदेश टाकायचा आणि महाविद्यालयांच्या फलकांवर पोस्टर चिकटवायचे, असा बेत आहे. सात दिवसांत शंभर वापरकर्ते मिळावेत ही अपेक्षा आहे. हातात वेळ चार आठवड्यांचा आणि पैसे सहा हजार रुपये आहेत. या आखणीत काय चुकते आहे ते स्पष्ट सांगावे.

प्रसारमंत्री

तुम्ही विनाकारण अवघड करून ठेवले आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर २५६ जणांची ब्रॉडकास्ट लिस्ट करता येते. अशा चार लिस्ट केल्या की हजार जणांपर्यंत एका रात्रीत संदेश जातो आणि दहा टक्के लोकांनी जरी अ‍ॅप घेतले तरी तुमचे शंभर पूर्ण होतात. आमच्या मंडळाच्या रक्तदान शिबिराला आम्ही असेच लोक जमवले होते. पोस्टर, काउंटर यांवर पैसे घालवू नका.

काउंटरपलीकडे

मी काही वर्षे याच शहरात दुधाच्या कूपनांची नोंद ठेवणारी एक सेवा दुकानांतून चालवली, त्या अनुभवावरून लिहितो आहे.

प्रथम ब्रॉडकास्टविषयी. ब्रॉडकास्टचा संदेश फक्त त्यांनाच पोहोचतो, ज्यांच्या फोनमध्ये तुमचा क्रमांक जतन केलेला असतो. हजार अनोळखी क्रमांकांची लिस्ट केली तरी तो संदेश बहुतेकांना दिसणारच नाही, आणि ज्यांना एकेकटा पाठवाल त्यांच्यापैकी पुरेशा जणांनी तक्रार केली तर क्रमांकच बंद होईल. रक्तदान शिबिराला तुमचे काम झाले, कारण मंडळाच्या अध्यक्षांचा क्रमांक सगळ्यांकडे होता. त्यातच इथला उपयोगाचा धडा आहे. मेसवाल्या काकूंचा क्रमांक त्यांच्या प्रत्येक सभासदाकडे जतन असतो, कारण "आज भाजी काय?" हे त्यांनाच विचारले जाते. तेव्हा ब्रॉडकास्ट जरूर करावा, पण तो काकूंच्या फोनवरून.

आता मूळ आखणीविषयी. तीस मेसमध्ये मिळून शंभर जण म्हणजे प्रत्येक मेसमध्ये तीन-चार जण. चाळीस सभासदांपैकी तिघे अ‍ॅपवर खाडा टाकतात आणि सदतीस जण तोंडी सांगतात, अशा मेसमध्ये काकूंना वहीही ठेवावी लागते आणि फोनही पाहावा लागतो. तुमच्यामुळे त्यांचे काम वाढले, म्हणून चौथ्या दिवशी त्या फोन पाहणे सोडून देतील, आणि ज्या तिघांनी विश्वासाने खाडा टाकला होता त्यांचे पैसे कापले गेले की ते अ‍ॅप काढून टाकतील. उलट तेच शंभर जण तीन मेसमधून आले तर वही बंद होऊ शकते. म्हणून तीसऐवजी तीन मेस घ्या, आणि त्याही एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर असू द्या, म्हणजे संध्याकाळी तुम्हा दोघांना तिन्ही ठिकाणी उभे राहता येईल.

१ तारीख निवडलीत हे मात्र उत्तम केलेत, पण त्याचे कारण तुम्ही लिहिलेले नाही. मेसचे पैसे साधारण १ ते ५ तारखेच्या दरम्यान भरले जातात. त्या वेळी विद्यार्थी काउंटरसमोर स्वतःहून उभा असतो, यूपीआयसाठी फोन हातात आणि उघडा असतो, आणि मागच्या महिन्याच्या खाड्यांचा वाद नुकताच झालेला असतो. शिवाय वहीचे नवे पानही त्याच दिवशी सुरू होते. त्याला "हे घ्या, पुढच्या महिन्यापासून भांडण नको" असे म्हणण्यासाठी महिन्यात याहून चांगली वेळ येत नाही. १५ तारखेला हेच सांगितले तर अर्धे खाडे वहीत आणि अर्धे अ‍ॅपवर असा घोळ होतो.

जुळेसोलापूरची_मेस

माझी स्वतःची मेस आहे, म्हणून लिहिते. आमच्याकडे सलग तीन दिवसांपेक्षा कमी खाडा धरला जात नाही आणि आदल्या दिवशी सांगावे लागते. मुलांना हा नियम पटत नाही, पण गॅस, तेल आणि मावशींचा पगार एका माणसामागे कमी होत नसतो. तुम्ही अ‍ॅप काढून सगळ्यांना रोज खाडा टाकायला शिकवणार असाल तर आमची मेस बंदच पडेल. खाडे कमी कसे होतील ते सांगा.

खाडेवही

काकू, नियम तुमचाच राहील. किती दिवसांचा खाडा धरायचा आणि किती वाजेपर्यंत घ्यायचा हे मेसवाल्यांनीच ठरवायचे, अ‍ॅप फक्त नोंद ठेवते. तुमच्याकडे रात्रीचा आकडा किती वाजता कळला तर उपयोग होतो?

जुळेसोलापूरची_मेस

तसे असेल तर ठीक आहे, बाळा. संध्याकाळी पाच वाजता कणीक भिजते आणि ज्वारीचे पीठ त्याच्याही आधी काढून ठेवलेले असते. चारपर्यंत आकडा कळला तर उपयोग आहे, सहाला कळून काहीच उपयोग नाही. परवाच बारा पोरे न सांगता गावी गेली आणि भाकरीची अख्खी दुरडी उरली, ती सकाळी कुस्करून फोडणी द्यावी लागली.

आणखी एक सांगते. मागे एक जण असेच अ‍ॅप घेऊन आला होता. त्याने तीन दिवस समोर बसून शिकवले, आणि चौथ्या दिवसापासून त्याचा फोन लागला नाही. मुलांनी खाडे टाकले होते ते मला दिसलेच नाहीत, आणि महिन्याच्या शेवटी शिव्या मला बसल्या. तुम्ही किती दिवस येणार ते आधी सांगा.

बार्शी_एसटी

मी इथे शिकणारा विद्यार्थी आहे. एक गोष्ट कोणीच लिहिली नाही. बार्शी, पंढरपूर, मोहोळ, अक्कलकोट इकडची मुले शुक्रवारी दुपारनंतर गावी निघतात आणि रविवारी रात्री किंवा सोमवारी सकाळी परत येतात. आमच्या मेसमध्ये रविवारी रात्री चूल बंदच असते. त्यामुळे सोमवार ते गुरुवार तुमच्या अ‍ॅपवर फारसे काही होणार नाही आणि सगळे खाडे शुक्रवारी दुपारी एकदम पडतील. तेव्हाच अ‍ॅप अडकले तर संपले.

काउंटरपलीकडे

बार्शी_एसटी यांचा मुद्दा या धाग्यातला सर्वांत मोलाचा आहे, कारण त्यावरून 'वापरकर्ता' कोणाला म्हणायचे हे ठरते. अ‍ॅप घेणारा म्हणजे वापरकर्ता नव्हे. जो शुक्रवारी स्वतः खाडा टाकतो आणि ज्याचा तो खाडा काकू वहीत न लिहिता मान्य करतात, तोच खरा वापरकर्ता. जो आठवडाभर इथेच जेवला त्याच्याविषयी महिनाअखेरच्या हिशोबापर्यंत काहीच सांगता येणार नाही, हेही मान्य करावे लागेल.

मोजण्याची रीत सोपी आहे. शनिवारी रात्री तिन्ही मेसमध्ये जाऊन प्रत्यक्षात किती जण जेवायला आले नाहीत ते काकूंना विचारा, आणि त्यांपैकी कितींनी अ‍ॅपवर खाडा टाकला होता ते पाहा. हे दोन आकडे जवळ आले तर तुमचे काम होते आहे. अ‍ॅप किती जणांनी घेतले हा आकडा मनाला बरा वाटतो, पण त्यावरून काही कळत नाही.

रात्रपाळी

मला मेसमधले काही कळत नाही, पण अ‍ॅप प्ले स्टोअरवर चढवण्याचे काम मी रोज करतो. धागाकर्त्यांना एक प्रश्न आहे. तुमचे डेव्हलपर खाते वैयक्तिक आहे का, आणि ते १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेले आहे का?

खाडेवही

हो, वैयक्तिक आहे आणि याच वर्षी उघडले. अ‍ॅप अजून चढवलेले नाही. एक-दोन दिवसांत होऊन जाईल असे धरले होते.

रात्रपाळी

मग आजच सुरुवात करा. अशा खात्यांना अ‍ॅप सर्वांसाठी खुले करण्याआधी बंद चाचणी घ्यावी लागते. त्यात किमान १२ जण सलग १४ दिवस सामील असावे लागतात. पूर्वी ही संख्या २० होती, ती २०२४ च्या अखेरीस १२ झाली. त्यानंतर परवानगीसाठी अर्ज करायचा आणि तपासणीला आणखी आठवडाभर लागू शकतो असे धरून चालायचे. बरोबर बारा जण घेतलेत आणि एक जण मध्येच बाहेर पडला तर सलगता मोडते, म्हणून सोळा-सतरा जण घ्या. आज २ तारीख आहे. ४ ला चाचणी सुरू झाली तर १८ ला चौदा दिवस भरतात, आणि तपासणी २५-२६ पर्यंत गेली तरी तुमची १ तारीख सांभाळता येते. एक आठवडा उशीर केलात तर मात्र सांभाळता येणार नाही.

दुसरी शंका. लॉगिनसाठी एसएमएसवर ओटीपी पाठवणार आहात का? आपल्या देशात असे संदेश पाठवायला दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी या नोंदणी व्यवस्थेवर नाव, हेडर आणि मजकुराचा नमुना नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. पहिल्या शंभर जणांसाठी ही खटपट कशाला? काकूंनी प्रत्येकाला चार आकडी कोड द्यावा, तोच टाकून आत यावे.

काउंटरपलीकडे

ती सोळा मुले पहिल्या मेसमधलीच घ्या. चौदा दिवसांत दोन शनिवार-रविवार येतात, त्यामुळे शुक्रवारची गर्दीही आपोआप तपासून होईल, आणि १ तारखेला त्या मेसमधले सोळा जण आधीच सरावलेले असतील.

क्यूआरविषयी एक अनुभव सांगतो. आम्ही आमचा क्यूआर मोठ्या हौसेने काउंटरवर, पैसे भरण्याच्या क्यूआरशेजारी लावला होता. घाईत असलेले गिऱ्हाईक आमचाच कोड पैसे भरायला स्कॅन करायचे, काहीतरी भलतेच उघडायचे, आणि मागची रांग खोळंबायची. तिसऱ्या दिवशी दुकानदाराने आमच्या कोडवर बिस्किटांचा डबा ठेवून दिला. तुमचा कोड काउंटरवर लावूच नका. ज्या फळ्यावर आजची भाजी लिहिलेली असते त्याच्या खाली, डोळ्यांच्या उंचीवर लावा, कारण ताटाची वाट पाहणारा मुलगा तिकडेच पाहत असतो. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइटची तिरीप पडली की फोनला कोड वाचता येत नाही, म्हणून मॅट करून घ्या. तेलकट फडक्याने तो रोज पुसला जाणार आहे हेही गृहीत धरा.

आणि प्रत्येक वाटेचा दुवा वेगळा ठेवा, नाहीतर कोण कुठून आले ते कधीच कळणार नाही. दुवा असा करता येतो, `mess1` च्या जागी दरवेळी वेगळे नाव घालायचे :

```
https://play.google.com/store/apps/details?id=com.example.khade&referrer=utm_source%3Dcounter%26utm_campaign%3Dmess1
```

रात्रपाळी

पुस्ती जोडतो. एका मुलाने स्टोअरमधूनच दुसऱ्याला अ‍ॅप पाठवले तर ही खूण गळून पडते. त्यामुळे पहिल्याच पडद्यावर "हे कोणी सांगितले?" असा एक प्रश्न ठेवा आणि काकू, रूम पार्टनर, ग्रुप, झेरॉक्सचे दुकान एवढेच पर्याय द्या.

झेरॉक्सवाला_अशोकचौक

आमच्या दुकानाचे नाव कोणी घेतले नव्हते, आता निघाले म्हणून लिहितो. प्रॅक्टिकलची जर्नल सबमिट करायच्या दिवसांत आमच्याकडे मुले वीस-वीस मिनिटे उभी असतात. माझ्या काउंटरवर कोड लावा, मी प्रत्येकाला सांगेन. मात्र दर मुलामागे दहा रुपये मिळाले पाहिजेत. फुकटात कोणाचेही स्टिकर लावायला जागा उरलेली नाही.

काउंटरपलीकडे

दर माणशी पैसे देण्याला माझा विरोध आहे. दहा रुपयांसाठी दुकानातला पोऱ्या स्वतःच्याच ओळखीच्या फोनवर अ‍ॅप घालून घेतो आणि आकडा फुगतो, हे मी पाहिलेले आहे. शिवाय तुमच्या दुकानात येणारी मुले शहरभरच्या मेसमध्ये जेवतात, त्यामुळे त्यांचा या आठवड्यात उपयोग नाही.

झेरॉक्सवाला_अशोकचौक

साहेब, फुगवणारा दुकानदार शुक्रवारच्या खाड्यात सापडेलच की. अ‍ॅप घेतल्याचे देऊ नका, पहिला खाडा टाकल्यावर द्या. आणि दुसऱ्या मेसची मुले आली तर त्यांची नावे लिहून ठेवा. एकाच मेसची दहा नावे जमली की त्या मेसवाल्याकडे जाऊन "तुमचीच दहा पोरे मागत आहेत" असे सांगता येते. तुम्ही दारोदार फिरण्यापेक्षा ते बरे.

प्रसारमंत्री

ग्रुपांविषयी अजूनही माझे मत कायम आहे. चाळीस ग्रुपांत टाकायला खर्च शून्य आहे, मग टाकायला हरकत काय?

बार्शी_एसटी

हरकत अशी की अनोळखी दुवा दिसला की ग्रुपचा अ‍ॅडमिन तो काढतो आणि पाठवणाऱ्यालाही काढतो. आमचा तालुक्यातल्या मुलांचा एक ग्रुप आहे. तिथे माझ्यासारख्याने "मागच्या महिन्यात तुमचे किती खाडे बुडाले?" एवढे विचारले तर पन्नास उत्तरे येतील. दुवा नंतर, मागेल त्यालाच द्यावा. फलकावरच्या पोस्टरचेही तेच, त्याला परवानगीचा शिक्का लागतो आणि तो मिळेपर्यंत महिना संपतो. त्यापेक्षा खोल्या धरा. एका खोलीतली चौघे बहुतेक एकाच मेसला असतात, एकाने घेतले की रात्री बाकीचे तिघे घेतात.

जुळेसोलापूरची_मेस

माझ्या प्रश्नाचे उत्तर अजून आले नाही. किती दिवस येणार?

खाडेवही

काकू, चुकले. पुढच्या महिन्यात १ ते ७ रोज दुपारी साडेतीन ते रात्री नऊ आम्ही दोघेही हजर राहू, आणि त्यानंतर महिनाअखेरच्या हिशोबापर्यंत दर शुक्रवारी दुपारी येऊ. रोज चार वाजता दिवसाच्या खाड्यांची यादी साध्या एसएमएसवर तुमच्या फोनवर येईल, म्हणजे नेट नसले तरी आकडा अडणार नाही. तो संदेश सुरुवातीला मी माझ्याच फोनवरून हाताने पाठवीन. तुमची परवानगी असेल तर पहिली मेस तुमचीच धरतो.

जुळेसोलापूरची_मेस

या. मात्र आमच्या भागात पाणी येते त्या दिवशी माझ्याशी कोणी बोलायला येऊ नका, त्या दिवशी मी टाकीपाशी असते.

खाडेवही (७ तारखेची रात्र)

सर्वांना आठवडा कसा गेला ते कळवतो. तीन मेस घेतल्या, त्यांचे सभासद अनुक्रमे ४४, ३८ आणि ५१, म्हणजे एकूण १३३. चाचणी १८ तारखेला संपली आणि मंजुरी २४ ला मिळाली.

आजपर्यंत ९४ जणांनी नोंद केली, म्हणजे शंभर भरलेले नाहीत. त्यांतले ६१ जण पैसे भरताना काउंटरवर आले, २६ जण काकूंच्या ब्रॉडकास्टमधून किंवा रूम पार्टनरकडून, आणि ग्रुपांतून फक्त ७. प्रसारमंत्र्यांच्या समाधानासाठी सांगतो की या सातांपैकी पाच जण तालुक्याच्या एकाच ग्रुपातले आहेत. झेरॉक्सच्या दुकानातून १७ नावे आली, पण ती सगळी दुसऱ्याच मेसची आहेत, म्हणून ९४ मध्ये धरलेली नाहीत.

शनिवारी रात्रीचा पडताळा असा. पहिल्या मेसमध्ये १९ जण जेवायला नव्हते, त्यांपैकी १७ जणांनी अ‍ॅपवर खाडा टाकला होता. तिसरीत २१ पैकी १२. दुसरीत मात्र १४ पैकी फक्त ४.

दुसऱ्या मेसचे कारण शोधायला दोन दिवस लागले. तिथला फोन काकूंच्या मुलाकडे असतो आणि तो दुपारी तीनला क्लासला जातो. चारचा संदेश त्याच्या खिशात वाजत होता आणि काकू स्वयंपाकघरात वहीच पाहत होत्या. मंगळवारी दोघांचे खाडे दिसले नाहीत, त्यांनी ते बाकीच्यांना सांगितले, आणि शुक्रवारी सगळ्यांनी पुन्हा तोंडी सांगायला सुरुवात केली. तिथे नोंद करणारे २२ जण आहेत, पण त्यांना मी वापरकर्ते म्हणू शकत नाही.

काउंटरपलीकडे

दुसऱ्या मेसमध्ये आता अ‍ॅप पुढे रेटू नका. काकूंचा स्वतःचा साधा फोन असेलच, त्यावर चारचा संदेश जाऊ द्या, आणि ज्या दोघांचे खाडे बुडाले त्यांचे पैसे या महिन्यात तुमच्या सहा हजारांतून काकूंना द्या आणि मुलांना वजावट मिळेल असे पाहा. हे बाकीच्यांना आपोआप कळेल. नव्या मेस पुढच्या महिन्याच्या १ तारखेपर्यंत घेऊ नयेत असे माझे मत आहे.

झेरॉक्सवाला_अशोकचौक

माझ्या १७ नावांत ११ एकाच मेसची आहेत, आणि ती आमच्या मागच्याच गल्लीत आहे. ती पोरे रोज विचारतात. महिनाभर त्यांना काय सांगू?

खाडेवही

उद्या दुपारी दुकानावर येतो, नावे बरोबर ठेवा. त्या मेसमध्ये आकडा स्वयंपाकघरात कोण पाहते, एवढे आधी बघू या.